साडेसतरा लाख फेऱ्या की फक्त ६२?

परभणी जिल्ह्याचं क्षेत्रफळ सुमारे सव्वासहा हजार चौरस किलोमीटर. सोयीसाठी तो ७९ किलोमीटर बाजूचा चौरस मानू आणि त्यावर १०० मीटरची जाळी टाकू. होतात ६,२४,१०० चौकोन. प्रत्येकाखालची भूजलपातळी काढायची, म्हणजे तितकीच समीकरणं एकदम सोडवायची.

सगळे गुणक तक्त्यात मांडले तर सुमारे ३९,००० कोटी खाने लागतात, म्हणजे तीन टेराबाइटहून जास्त जागा. त्यातले बहुतेक शून्य, पण त्याचा फायदा न घेता सरळ निरसनाने गेलो, तर सेकंदाला १०० कोटी गुणाकार करणारं यंत्रही अडीच वर्षं राबेल.

फेऱ्यांची युक्ती वेगळी आहे. प्रत्येक चौकोनाचं समीकरण फक्त चार शेजाऱ्यांशी जोडलेलं असतं. सुरुवातीला पातळ्या अंदाजाने लिहायच्या, मग शेजाऱ्यांच्या जुन्या पातळ्यांवरून प्रत्येकाची नवी काढायची. ही एक फेरी, याकोबीच्या पद्धतीची. काम सेकंदाच्या अंशात होतं. प्रश्न उरतो फेऱ्या किती.

बेसाल्ट खडकात पाणी साठण्याचं प्रमाण १ टक्का आणि वहनक्षमता दिवसाला १०० चौरस मीटर धरू. एका दिवसाच्या टप्प्याने हिशेब केला, तर चौकोनाचा स्वतःचा गुणक ५ येतो आणि शेजाऱ्यांची बेरीज ४. वरचा १ कालच्या पातळीचा. त्यामुळे दर फेरीला चूक जास्तीत जास्त चार पंचमांश उरते, आणि ६२ फेऱ्यांत दशलक्षांश होते.

टप्पा दहा दिवसांचा केला की वरचा वाटा ०.१ इतकाच राहतो आणि फेऱ्या ५६० होतात. स्थिर पातळी हवी असेल तर तो वाटाच जातो: ४ ला ४. तरी उत्तर मिळतं, कारण जिल्ह्याच्या काठावरच्या पातळ्या ठरलेल्या असतात. पण काठाची खबर दर फेरीला एकच चौकोन पुढे सरकते, मध्यापर्यंत पोचायलाच ३९५ फेऱ्या जातात. तेवढ्याच अचूकतेसाठी लागतात सुमारे साडेसतरा लाख.

वरच्या १ चं चिन्ह चुकून ५ चे ३ झाले, तर मात्र जवळपास सगळीकडे सारखी असलेली एक मीटरची चूक ६२ फेऱ्यांत साडेपाच कोटी मीटरच्या आसपास जाते. स्वतःचा गुणक शेजाऱ्यांच्या बेरजेहून मोठा असणं ही उत्तर मिळण्याची हमी आहे, अट नव्हे. ती नसतानाही काही समीकरणं सुटतात. पण इथे नाही.

सगळ्यात फसवी असते संथ गती. फेरीतला बदल एक मिलिमीटरवर आला म्हणून थांबलात, तर ५ ला ४ असताना खरी चूक फार तर ४ मिलिमीटर असते. ४ ला ४ असताना ती सुमारे १२६ मीटर असू शकते, विहिरीच्या तळाहूनही खोल. म्हणून बदल किती लहान झाला हे पुरेसं नाही. लागोपाठच्या दोन बदलांचं गुणोत्तर काढावं आणि १ मधून वजा करावं. शेवटच्या बदलाला त्या गुणोत्तराने गुणून त्या वजाबाकीने भागलं की खऱ्या चुकीचा ढोबळ अंदाज येतो.