दोन क्युबिट, चार स्तंभ

सीनॉट या गेटचा नियम एका वाक्यात सांगता येतो. दोन क्युबिटांपैकी पहिला, म्हणजे कंट्रोल, १ असेल तर दुसरा, म्हणजे टार्गेट, उलटायचा. कंट्रोल ० असेल तर काहीच करायचं नाही. पाठ्यपुस्तकात याची सोळा आकड्यांची मॅट्रिक्स छापलेली असते आणि बहुतेक विद्यार्थी ती पाठ करतात. ती हाताने बांधून पाहिली तर या गेटचं खरं वेगळेपण कळतं.

एका क्युबिटची अवस्था दोन आकड्यांत मावते: |0⟩ म्हणजे (1, 0) आणि |1⟩ म्हणजे (0, 1). दोन क्युबिट एकत्र लिहायचे तर टेन्सर गुणाकार करतात. पहिल्यातला एकेक आकडा घ्यायचा, त्याने दुसऱ्याची अख्खी जोडी गुणायची आणि येणाऱ्या जोड्या एकापुढे एक मांडायच्या. |1⟩⊗|0⟩ घेऊ. 0 गुणिले (1, 0) आणि 1 गुणिले (1, 0), म्हणून उत्तर (0, 0, 1, 0). चार जागांचा क्रम 00, 01, 10, 11 असा ठरतो आणि आपला 1 बरोबर 10 च्या जागी बसला आहे.

गेटांचा गुणाकारही असाच होतो, फक्त जोडीऐवजी मॅट्रिक्सचे चौकोन बसवायचे. I म्हणजे काही न करणारं गेट आणि X म्हणजे उलटवणारं. I⊗X केलं तर वर डावीकडे X येतो, खाली उजवीकडेही X येतो आणि बाकी शून्यं. याचा अर्थ, पहिला क्युबिट काहीही असो, दुसरा उलटणारच. आपल्याला हवी आहे ती अट यात नाही.

अट आणण्यासाठी दोन चाळण्या घ्याव्या लागतात. P0 फक्त |0⟩ ला पुढे जाऊ देते, P1 फक्त |1⟩ ला. कंट्रोल 0 असेल तेव्हा टार्गेटवर I, 1 असेल तेव्हा X. दोन्ही शक्यता मिळवल्या की सीनॉट तयार:

```
CNOT = P0⊗I + P1⊗X

1 0 0 0
0 1 0 0
0 0 0 1
0 0 1 0
```

वरच्या डाव्या चौकोनात I बसला, खालच्या उजव्या चौकोनात X. आता या बेरजेऐवजी एकच A⊗B लिहून भागेल का? भागणार नाही. A⊗B मधला प्रत्येक चौकोन हा त्याच एका B ची पट असतो. I आणि X मात्र कुठल्याही एकाच मॅट्रिक्सच्या पटी नाहीत. म्हणजे दोन क्युबिटांवर वेगवेगळी गेटं लावून सीनॉट कधीच साधणार नाही. माझ्या मते या विषयात थांबून नीट पाहावी अशी हीच जागा आहे.

मॅट्रिक्स वाचायची ती स्तंभांनी. |10⟩ मध्ये 1 तिसऱ्या जागी आहे, म्हणून गुणाकार केल्यावर तिसरा स्तंभ जसाच्या तसा बाहेर येतो: (0, 0, 0, 1), म्हणजे |11⟩. चौथा स्तंभ सांगतो की |11⟩ चा |10⟩ होतो. पहिले दोन स्तंभ |00⟩ आणि |01⟩ ना हात लावत नाहीत.

आता कंट्रोलवर आधी हॅडमार्ड गेट लावू. |00⟩ पासून निघालो तर अवस्था (1, 0, 1, 0)/√2 होते. तिच्यावर सीनॉट लावला की (1, 0, 0, 1)/√2. ही अवस्था (a, b)⊗(c, d) अशी फोडायची तर ac, ad, bc, bd हे चार आकडे जुळायला हवेत. मधले दोन शून्य आहेत. ad शून्य, म्हणजे a किंवा d शून्य. पण मग ac किंवा bd यांतलं एक शून्य होतं आणि इथे तर दोन्ही शून्य नाहीत. म्हणून या अवस्थेची फोड होत नाही. जॉन बेल यांच्या नावाने ओळखली जाणारी ही अवस्था मोजली तर निम्म्या वेळा 00 येतं, निम्म्या वेळा 11. 01 आणि 10 कधीच नाही.

संगणकावर ताळा पाहायला जाणाऱ्यांची गफलत होते ती क्रमात. किस्किट या प्रणालीत शून्य क्रमांकाचा क्युबिट उजवीकडे लिहितात. त्यामुळे `cx(0, 1)` ची मॅट्रिक्स अशी दिसते:

```
1 0 0 0
0 0 0 1
0 0 1 0
0 1 0 0
```

गेट तेच आहे, फक्त जागांची नावं बदलली. पण किस्किटमधली अवस्था घेऊन तिला पुस्तकातली मॅट्रिक्स लावली तर उत्तर चुकतं. हॅडमार्डनंतर तिथली अवस्था (1, 1, 0, 0)/√2 असते आणि पुस्तकी मॅट्रिक्स तिला जशीच्या तशी परत देते. गुंतागुंत झालेलीच नसते. आपण कोणत्या क्रमात काम करतो आहोत हे बेल अवस्थेवरून मात्र ओळखता येत नाही, कारण ती दोन्ही क्रमांत सारखीच दिसते. त्यासाठी |11⟩ द्यावं. पुस्तकी क्रमात |10⟩ येईल, किस्किटच्या क्रमात |01⟩. पुस्तकातलीच मांडणी हवी असेल तर `qc.reverse_bits()` वापरून मग मॅट्रिक्स छापावी.