तीन फेजचं रीडिंग वेगवेगळं आलं: कॉइल शॉर्ट की जॉइंट ढिला?

तीन फेजचं रीडिंग सारखं आलं नाही की आपल्याकडे लगेच निदान होतं, "वाइंडिंग गेलं, भरावं लागेल." मीही सुरुवातीला एक चांगली मोटर अशीच फोडली होती. आत कॉइल एकदम स्वच्छ निघाली. रिवाइंडिंगचा खर्च मला सोसावा लागला आणि गिऱ्हाईकही गेलं. म्हणून आज एकच केस सावकाश बघू.

मंचरजवळच्या एका शेतकऱ्याची बोअरमधली ५ एचपीची सबमर्सिबल. अर्धा तास चालायची आणि स्टार्टर ट्रिप व्हायचा. टाँग टेस्टर लावला तर पिवळ्या फेजला करंट कमी, बाकी दोन्हींना जास्त. मेन स्विच बंद केला, फ्यूज काढले, मोटरच्या तिन्ही वायरी स्टार्टरमधून सोडवल्या आणि मग मीटर लावला. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून जे ०.३ ओहम आलं, ते प्रत्येक रीडिंगमधून वजा केलं. उरलं ते असं:

लाल-पिवळा: ५.३ ओहम
पिवळा-निळा: ५.३ ओहम
निळा-लाल: ४.५ ओहम

मोटर आत स्टारमध्ये जोडलेली आहे, म्हणजे प्रत्येक रीडिंगमध्ये दोन फेज येतात. दोन रीडिंग सारखी आणि एक वेगळं आलं, तर वेगळ्या रीडिंगमध्ये जो फेज *नाही*, तोच संशयित. इथे तो पिवळा.

पण दोष खरंच पिवळ्यात आहे का? ४.५ बरोबर धरलं तर पिवळ्यात ०.८ ओहम जास्तीचे आहेत, म्हणजे जॉइंट ढिला. पिवळा बरोबर धरला तर लाल आणि निळ्या दोन्हींत ०.८ ओहम कमी आहेत, म्हणजे दोन्हींत टर्न शॉर्ट. तेच तीन आकडे दोन्ही गोष्टी सांगतात! नुसत्या मीटरवर निर्णय घेणारा इथेच फसतो.

निर्णय रजिस्टरने दिला. ही मोटर आधी आपल्याच दुकानात भरली होती आणि तेव्हा टेबलावर तिन्ही जोड्यांना ३.५ ओहम लिहून ठेवलं होतं. आता केबल धरा. २.५ स्क्वेअरची कॉपर केबल किलोमीटरला साधारण ८ ओहम. ६० मीटर जायचे, ६० यायचे, म्हणजे सुमारे १ ओहम. ३.५ अधिक १ म्हणजे ४.५. तेव्हा ४.५ बरोबर आणि पिवळ्यात ०.८ जास्तीचे.

रजिस्टर नसतं तरी एक खूण होती. पिवळा बरोबर धरून केबल वजा केली तर एका फेजचे साधारण अडीच ओहम उरतात. त्यातले ०.८ कमी, म्हणजे लाल आणि निळ्या दोन्हींत जवळजवळ एक तृतीयांश टर्न शॉर्ट, तेही अगदी सारखेच. एवढी जळालेली मोटर अर्धा तास चालत नाही.

मोटर वर काढली. केबलचा जॉइंट कापून थेट मोटरच्या वायरींवर मोजलं: तिन्ही ३.५. पिवळ्याचा जॉइंट नुसता पिळून टेप मारलेला, आतून हिरवा-काळा पडलेला. साडेसात अँपियरला ०.८ ओहम म्हणजे त्या इवल्याशा जागेत ४५ वॅट उष्णता. तापेल तसा जॉइंट आणखी बिघडणार. नीट क्रिंप करून वॉटरप्रूफ जॉइंट केला, मोटर सोडली. वाइंडिंगला हात लावला नाही.

आता मेगर. आमच्याकडे शिकणारा मुलगा म्हणाला, "सर, मेगरला तिन्ही फेज सारखेच आले, मग फॉल्ट कसा?" तीन वायरींच्या मोटरमध्ये ते सारखेच येणार, कारण तिन्ही आत स्टार पॉइंटला जोडलेले आहेत. एकाचं वेगळं आलंच, तर तो फेज आत तुटलाय असं समजा. फेजनिहाय मेगर करायचं तर सहा वायरींची मोटर हवी, पट्ट्या काढून. आणि मेगर वाइंडिंग ते बॉडी बघतो. एकाच कॉइलच्या दोन टर्नमधलं शॉर्ट त्याला दिसत नाही.

उलटी बाजूही लक्षात ठेवा. एका फेजच्या दोनशे टर्नपैकी चारच शॉर्ट असतील तर फरक दोन टक्के, जो साध्या मीटरला कळतच नाही. पण त्या चार टर्नमध्ये प्रचंड करंट फिरतो आणि कॉइल जाळतो. म्हणून रीडिंग सारखं आलं तरी चालू मोटरचे तिन्ही करंट बघा. फरक दिसला तर मोटरच्या तिन्ही वायरी एकेक घर पुढे सरकवा, म्हणजे फिरण्याची दिशा तीच राहते. जास्तीचा करंट मोटरच्या वायरीबरोबर सरकला तर दोष मोटर-केबलमध्ये. त्याच लाइनवर राहिला तर दोष सप्लायमध्ये.

आणि प्रत्येक मोटर भरून झाली की थंड असताना तिन्ही रीडिंग रजिस्टरला लिहा. गरम मोटरचं लिहू नका. २५ अंशांच्या फरकाने तांब्याचं रीडिंग साधारण १० टक्के वाढतं. वायरी सरकवायची पद्धत व्हिडिओत हळू दाखवली आहे, तीही बघून घ्या.