आलापाआधी ऐकायचा सूर

पुण्यातल्या एका पेठेतला गणपतीचा मांडव. गाणं सात वाजता होतं. साडेचारला साउंडवाल्या काकांनी आरतीची रेकॉर्ड आणि पंखे बंद करायला लावले आणि शागिर्दाला स्पीकरपाशी उभं केलं.

"काही नाही येत, काका."

काकांनी ओठ मिटून एक खालचा सूर धरला. "आता हाच सूर डब्यात शोध."

पोरगा कान लावून उभा राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "आहे. अगदी बारीक आहे."

या आवाजाला साउंडवाले 'हम' म्हणतात. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनं करते, म्हणून हममध्ये 50 हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले सूर असतात. त्यातला 100 हर्ट्झचा कानाला लवकर सापडतो, कारण 50चा फार खाली असतो. हा 100 हर्ट्झ खालच्या पांढरी पाचच्या अगदी जवळ येतो. त्या दिवशीचे गायक काळी एकमध्ये गाणार होते, आणि त्यांच्या षड्जाला पांढरी पाच म्हणजे तीव्र मध्यम! ढोलाच्या किंवा गर्दीच्या आवाजात तो बुडून जातो. पण नुसत्या तानपुऱ्यावर आलाप सुरू झाला की रागात नसलेला हा स्वर गायकाच्या पाठीमागे सतत वाजत राहणार.

मग शोध सुरू झाला. पोराने मास्टर फेडर खाली ओढला, हम थांबला. म्हणजे दोष ॲम्प्लिफायरचा नव्हता, तो मिक्सरमधून येत होता. मास्टर पुन्हा वर करून एकेक चॅनल म्यूट केला. सहाव्या चॅनलला हम गेला. त्यावर तानपुऱ्यासाठी लॅपटॉप जोडलेला होता. काकांनी लॅपटॉपचा चार्जर काढला. चॅनल चालू करूनही हम आला नाही.

लॅपटॉपची पिन मांडवाच्या बोर्डात होती, तर मिक्सरला वीज शेजारच्या इमारतीतून घेतली होती. दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये किंचित व्होल्टेजचा फरक होता, म्हणून ऑडिओ केबलच्या जाळीतून थोडा प्रवाह वाहत होता आणि तोच ऐकू येत होता. यालाच अर्थ लूप म्हणतात.

पोरगा म्हणाला, "प्लगची अर्थची पिन काढून टाकू का?"

काकांनी त्याचा हातच धरला. अर्थ तोडला की हम जातो खरा, पण एखाद्या यंत्रात बिघाड होऊन त्याच्या धातूच्या खोक्यात वीज उतरली, तर ती माइक धरलेल्या गायकाच्या अंगातून जाऊ शकते. त्यांनी मिक्सरच्या बोर्डावरूनच स्टेजवर वायर ओढली. शिवाय लॅपटॉप ट्रान्सफॉर्मर असलेल्या डीआय बॉक्समधून घेतला. त्यातून सूर चुंबकीय मार्गाने पुढे जातो, दोन्ही बाजूंचे अर्थ मात्र एकमेकांना जोडले जात नाहीत.

चार्जर परत लावला. पोरगा पुन्हा स्पीकरपाशी गेला, तोच सूर स्वतः गुणगुणून त्याने डब्यात शोधला. तो नव्हता.

मंडळाच्या कार्यकर्त्यांनो, कार्यक्रमाच्या दिवशी साउंडवाल्यांना अर्धा तास शांत मांडव द्या.