दोन कुरिअर, एकच सरासरी : माल वेळेत कोण पोचवतो?

रमजान ईद जवळ आली की धुळ्याच्या यंत्रमागावरचा माल आणि जळगावच्या पेठेतला माल एकाच घाईत सुटतो. मुंबईचा दुकानदार फोनवर विचारतो, “माल कधी मिळेल?” आपण सांगतो, “तीन-चार दिवसांत.” हे ‘तीन-चार दिवस’ आपण कशाच्या आधारावर सांगतो, याचा विचार मात्र फार थोडे व्यापारी करतात. ईदच्या आधी पोचलेली साडी विकली जाते. ईद उलटल्यावर पोचलेली तीच साडी बहुधा परत येते आणि जाण्यायेण्याचे भाडे आपल्या माथी बसते. म्हणून दोन कुरिअरपैकी कोणाकडे पार्सल द्यायचे, हा नफ्यातोट्याचाच प्रश्न आहे.

समजा, धुळ्याच्या एका कापड व्यापाऱ्याने मुंबईच्या दुकानदारांना ‘अ’ कुरिअरकडून ४० आणि ‘ब’ कुरिअरकडून ४० पार्सले पाठवली. बुकिंगची तारीख पावतीवर होती. माल हाती पडल्याची तारीख त्याने दुकानदारांना विचारून वहीत लिहिली. बुकिंगचा दिवस शून्य धरून, रविवार आणि सुटीसह किती दिवस लागले ते मोजले. सुटी वगळून मोजणे कुरिअरवाल्याच्या सोयीचे असते, पण गिऱ्हाईक सगळेच दिवस मोजते. हे आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत. वाचकांनी आपापल्या वहीतून स्वतःचे आकडे काढावेत.

| दिवस | ‘अ’ : त्या दिवशी | ‘अ’ : तोवर एकूण | ‘ब’ : त्या दिवशी | ‘ब’ : तोवर एकूण |
|---|---|---|---|---|
| २ | १४ | १४ | २ | २ |
| ३ | १४ | २८ | २२ | २४ |
| ४ | ४ | ३२ | १४ | ३८ |
| ५ | ३ | ३५ | २ | ४० |
| ६ | २ | ३७ | – | ४० |
| ७ | २ | ३९ | – | ४० |
| ९ | १ | ४० | – | ४० |

व्यापारी आधी सरासरी काढतो. ‘अ’चे सगळे दिवस मिळवले तर १३६ होतात आणि ‘ब’चेही १३६च. चाळीसने भागले की दोघांची सरासरी ३.४ दिवस येते. मध्यक काढला, म्हणजे रांगेत अगदी मधोमध येणारे पार्सल पाहिले, तर तोही दोघांचा ३ दिवसच आहे. सरासरीवर विसंबणारा व्यापारी म्हणेल, दोघे सारखेच, मग स्वस्त असेल त्याला द्या. पण कोष्टक पाहिले तर दोघांची चाल अगदी वेगळी आहे. ‘अ’ कधी फार लवकर पोचवतो, कधी फार उशिरा. ‘ब’ची ३६ पार्सले तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशीच पोचली आहेत.

खांबांचे चित्र कसे फसवते

हा फरक दाखवायला शाळेत शिकवलेला आयतालेख, म्हणजे हिस्टोग्राम, बहुतेकांना आठवतो. दिवसांचे गट पाडायचे आणि प्रत्येक गटात जितकी पार्सले तितका उंच खांब काढायचा. अडचण ही की गट कुठून सुरू करायचा आणि किती रुंद ठेवायचा, हे काढणाऱ्याच्या हातात असते.

दोन-दोन दिवसांचे गट करून पाहू. एका पुतण्याने २-३, ४-५, ६-७, ८-९ असे गट पाडले. ‘अ’चे खांब २८, ७, ४ आणि १ असे आले, ‘ब’चे फक्त २४ आणि १६. पहिला खांब ‘अ’चा उंच, म्हणून तो म्हणाला, “काका, ‘अ’ चांगला.” दुसऱ्या पुतण्याने तीच वही घेऊन १-२, ३-४, ५-६ असे गट पाडले. आता ‘अ’चे खांब १४, १८, ५, २ आणि १, तर ‘ब’चे २, ३६ आणि २. मधला भलामोठा खांब ‘ब’चा. तो म्हणाला, “‘ब’च भरवशाचा.” पार्सले तीच, तारखाही त्याच. दोघांपैकी कोणी खोटे बोलले नाही. गटाची सुरुवात एका दिवसाने सरकली, एवढ्यानेच निकाल फिरला. शिवाय दोघांचे खांब एकमेकांवर काढले तर एक दुसऱ्याला झाकतो. शेजारी काढले तर नजर सारखी इकडून तिकडे धावते.

चढत्या रेघेचा हिशेब

यावर उपाय कोष्टकातच आहे, ‘तोवर एकूण’च्या रकान्यात. अमुक दिवसापर्यंत शंभरातली किती पार्सले पोचली, याची रेघ काढायची. याला संचित वारंवारतेचा आलेख म्हणतात. कागदावर खाली दिवस आणि डाव्या बाजूला शून्य ते शंभर टक्के घ्या. ज्या दिवशी पार्सले पोचली त्या दिवशी रेघ तितकी वर चढते, बाकी दिवस आडवी चालते. जिन्यासारखी आकृती होते. गट पाडायचेच नसतात, त्यामुळे मनाप्रमाणे फिरवायला काही उरत नाही. दोन्ही कुरिअरच्या रेघा दोन रंगांनी एकाच कागदावर मावतात आणि एकमेकींना झाकत नाहीत.

आता गिऱ्हाइकाला दिलेला वायदा खालच्या रेषेवर शोधा आणि तेथून सरळ वर पाहा. दोन दिवसांचा वायदा असेल तर ‘अ’ची रेघ ३५ टक्क्यांवर आहे, ‘ब’ची अवघ्या ५ वर. तीन दिवसांवर ७० आणि ६०. चार दिवसांवर ‘अ’ ८० आणि ‘ब’ ९५. तिसऱ्या आणि चौथ्या दिवसांच्या मध्ये दोन्ही रेघा एकमेकींना ओलांडतात, आणि निर्णयाची खरी जागा तीच आहे. एखादी रेघ सगळीकडे वर राहिली असती तर तो कुरिअर प्रत्येक वायद्याला सरस ठरला असता. रेघा ओलांडतात तेव्हा “कोण चांगला” हा प्रश्न अपुरा असतो. “किती दिवसांच्या वायद्याला कोण चांगला” असे विचारावे लागते. घाईचा नमुना परवा पोचवायचा असेल तर ‘अ’. ईदला चार दिवस उरले असताना सुटणाऱ्या मालाला ‘ब’.

याचा पैशात हिशेब करू. चार दिवसांत न पोचलेली पार्सले ‘अ’ची ८ आणि ‘ब’ची २. उशिरा पोचून परत आलेल्या पार्सलामागे २०० रुपये नुकसान धरले, तर ‘अ’कडे १६०० आणि ‘ब’कडे ४०० रुपये जातात. फरक १२०० रुपयांचा. तो ४० पार्सलांवर वाटला की पार्सलामागे ३० रुपये होतात. म्हणजे चार दिवसांच्या वायद्याला ‘ब’ने पार्सलामागे ३० रुपयांपर्यंत जास्त मागितले, तरी तो महाग नाही.

जे पोचलेच नाही त्याचे काय?

समजा, ‘अ’चे नवव्या दिवशी पोचलेले पार्सल पोचलेच नाही, वाटेत गहाळ झाले. त्याला दिवसांचा आकडाच नाही, म्हणून आयतालेखात त्याचा खांब नाही आणि सरासरीतही ते धरले जात नाही. उरलेल्या ३९ पार्सलांची सरासरी १२७ भागिले ३९, म्हणजे सुमारे ३.२६ दिवस येते. पार्सल हरवले आणि ‘अ’ कागदावर ‘ब’पेक्षा वेगवान ठरला!

चढत्या रेघेत हा घोटाळा होत नाही, अट एवढीच की भागाकार पोचलेल्या नव्हे, पाठवलेल्या पार्सलांनी करावा. मग ‘अ’ची रेघ ९७.५ टक्क्यांवर थांबते आणि वरच्या शंभराच्या रेषेला कधीच टेकत नाही. ती उरलेली फट म्हणजे गहाळ माल. कॉम्प्युटरवर हिशेब ठेवणाऱ्यांनी रकाना बी मध्ये दिवस लिहावेत, न पोचलेल्याची जागा कोरी सोडावी, रकाना डी मध्ये वायद्याचे दिवस मांडावेत आणि हे सूत्र वापरावे :

```
=COUNTIF(B$2:B$41,"<="&D2)/40
```

कोऱ्या जागा मोजल्या जात नाहीत, पण भागाकार ४० नेच होतो. मात्र कालपरवा सुटलेला, अजून वाटेवर असलेला माल यात मिसळू नये. निदान पंधरा दिवसांपूर्वीची बुकिंगेच घ्यावीत, नाहीतर चांगला कुरिअरही उगाच मागे दिसेल.

तुलना बरोबरीची हवी

धुळे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या महामार्गांच्या छेदावर आहे. जळगाव मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर आहे आणि सुरतेकडून येणारा लोहमार्ग तेथे मिळतो. दोन्ही गावांहून माल निघण्याची वाट आणि वेळ वेगळी असते. एखाद्याची दोन्हीकडे दुकाने असतील आणि ‘अ’ला बहुतेक माल धुळ्याहून, ‘ब’ला जळगावहून जात असेल, तर रेघांमधला फरक कुरिअरचा की गावाचा हे कळणार नाही. म्हणून दोन गावांच्या रेघा वेगळ्या काढाव्यात, आणि मुंबईचा माल नागपूरच्या मालात मिसळू नये. घाईचा माल नेहमी एकाकडे आणि सवडीचा दुसऱ्याकडे, असेही करू नये. एक पार्सल ‘अ’ला, पुढचे ‘ब’ला, असे आळीपाळीने दिले की बरोबरी राहते.

चाळीस पार्सलांचा पुरावा तसा तोकडाच असतो, हेही सांगितले पाहिजे. कोल्मोगोरोव्ह आणि स्मिर्नोव्ह या दोन रशियन गणितज्ञांच्या नावाने एक कसोटी आहे. दोन रेघांमधले सर्वांत मोठे उभे अंतर ती पाहते. दोन्हीकडे ४०-४० पार्सले असतील तर हे अंतर निदान १३ पार्सलांचे हवे, तरच फरक निव्वळ योगायोगाचा नाही असे पुरेशा खात्रीने म्हणता येते. आपल्या उदाहरणात सर्वांत मोठे अंतर दोन दिवसांवर आहे, १४ उणे २ म्हणजे १२. थोडक्यात हुकले. चार दिवसांवरचा ८ आणि २ हा फरकही एवढ्या पार्सलांवर पक्का मानू नये. शंभर-शंभर पार्सलांच्या नोंदी झाल्यावर २० पार्सलांचे अंतर पुरते. तोवर वर्षाचा करार कोणाशीच करू नये, दोघांनाही माल देत राहावे.

आयतालेख टाकाऊ आहे असे मात्र नाही. दिवसागणिक खांब काढले आणि सहाव्या-सातव्या दिवशी दुसरा उंचवटा दिसला, तर काही पार्सले एखाद्या गोदामात अडतात की शनिवारी बुक केलेला माल मागे पडतो, हे शोधायची दिशा मिळते. चढत्या रेघेत असा उंचवटा चटकन नजरेत भरत नाही. उशीर का होतो हे कुरिअरवाल्याला विचारायला खांब दाखवावेत. कोणाला माल द्यायचा हे ठरवायला चढती रेघ पाहावी.

पावत्या आपल्याकडे आहेतच. माल हाती पडल्याची तारीख तेवढी वहीत लिहायला आजपासून सुरुवात केली, तर पुढच्या ईदला दुकानदाराचा फोन येईल तेव्हा “तीन-चार दिवसांत” असे मोघम सांगावे लागणार नाही.