सत्तर खणांत बसणारी सूचना

लसीकरण बुधवारऐवजी शुक्रवारी आहे, एवढंच गावाला कळवायचंय. साध्या फोनवरच्या एका एसएमएसमध्ये 140 बाइट मावतात. इंग्रजीत त्यात 160 अक्षरं बसतात, पण एक जरी देवनागरी अक्षर आलं की अख्ख्या संदेशाची मर्यादा 70 वर येते. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त, मोकळी जागा, सगळं वेगळं मोजलं जातं. डोळ्यांना चार अक्षरी दिसणारा ‘शुक्रवार’ आठ जागा खातो.

‘सर्व पालकांना कळविण्यात येते की अपरिहार्य कारणास्तव’ यातच 51 जागा संपतात, आणि कळलेलं काहीच नसतं! हे सरकारी वळण आधी छाटायचं.

उरतं ते असं: ‘बुधवारचे लसीकरण आता शुक्रवार 14 जून, सकाळी 10, अंगणवाडी. कार्ड आणा.’ मोजा, 67 भरतात. जुना वार ठेवलाय, नाहीतर हे जादा सत्र वाटेल. ‘रद्द’ टाळलंय, कारण घाईत तेवढंच वाचलं जातं. ‘परवा’ही नको, बंद फोनवर संदेश दुसऱ्या दिवशी पोचू शकतो.

सत्तरच्या पुढे गेलात तर संदेशाचे 67-67चे तुकडे होतात. काही जुन्या फोनवर ते सुटे दिसतात आणि तारीख नेमकी मागच्या तुकड्यात अडकते.