पंधरापैकी नऊ, आणि उरलेले सहा

शिकाऊ लायसनच्या परीक्षेत १५ प्रश्न येतात आणि ९ उत्तरं बरोबर आली की उमेदवार पास होतो. पुण्यातल्या एका महाविद्यालयात रस्ता सुरक्षा क्लबच्या स्वयंसेविकेने पाच मिनिटांचं भाषण केलं, ते याच आकड्यावर. समोर पदवीच्या पहिल्या वर्षाचा वर्ग होता. बहुतेकांनी नुकतीच अठरा पूर्ण केलेली, बऱ्याच जणांच्या घरी गाडी येऊन उभी, राहिलं होतं ते फक्त ‘लर्निंग’. ती म्हणाली, “फॉर्म भरण्याआधी एक हिशोब करा. नऊ बरोबर म्हणजे सहा चुकले तरी चाललं. पास झाल्यावर आपले कुठले सहा चुकले, हे आपल्यापैकी कितीजण बघतात?”

तिच्या प्रश्नामागे नियम आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार या परीक्षेत उत्तीर्ण व्हायला ६० टक्के उत्तरं बरोबर यावी लागतात. काय विचारायचं तेही नियमातच ठरलेलं आहे: वाहतुकीची चिन्हं, सिग्नल आणि रस्त्याचे नियम, अपघात झाल्यास चालकाची कर्तव्यं, फाटकाला माणूस नसलेलं रेल्वे क्रॉसिंग ओलांडताना घ्यायची काळजी, आणि गाडीबरोबर बाळगायची कागदपत्रं. महाराष्ट्रात जून २०२१ पासून आधार कार्डाच्या आधारे ही परीक्षा घरबसल्या देता येते. आरटीओतली खेप वाचली, ही सोय मोठीच. पण शेजारी बसलेला दादा किंवा कोपऱ्यावरचा एजंट उत्तरं सांगून जातो, अशी पळवाटही तिथूनच निघाली. जे स्वतः परीक्षा देतात, तेही आदल्या रात्री व्हिडिओ लावून उत्तरं पाठ करतात. चिन्ह दिसलं की पर्याय आठवतो. त्यामागचं कारण कुणी वाचलेलंच नसतं.

तिने वर्गाला सराव परीक्षेत हमखास चुकणारे काही प्रश्न विचारले. पहिला सोपा वाटणारा. निळ्या गोलात लाल रंगाची एकच तिरकी रेघ आणि निळ्या गोलात लाल फुली, यांत फरक काय? वर्गातून एकच उत्तर आलं: “नो पार्किंग.” एका रेघेचा अर्थ तोच आहे, माणूस उतरवण्यापुरती गाडी तिथे थांबवता येते. फुलीचा अर्थ मात्र गाडी क्षणभरही उभी करायची नाही. अरुंद पूल, वळण, चौकाचं तोंड अशा जागी ही फुली लावतात, कारण तिथे थांबलेल्या एका गाडीला वळसा घालायला मागचे सगळे समोरून येणाऱ्या रांगेत शिरतात. “मी फक्त मैत्रिणीला सोडत होते” हे कारण एका रेघेखाली चालतं, फुलीखाली नाही.

दुसरा प्रश्न रात्रीचा. उशिरा सिग्नल लुकलुकत असतो, तेव्हा काय करायचं? लुकलुकणारा पिवळा असेल तर वेग कमी करून, बघून पुढे जायचं. लाल लुकलुकत असेल तर गाडी पूर्ण थांबवायची, दोन्ही बाजू मोकळ्या असल्याची खात्री करायची आणि मगच निघायचं. बहुतेकांच्या लेखी दोन्हींचा अर्थ एकच असतो: सिग्नल बंद आहे, चला. एकाच चौकात मुख्य रस्त्याला पिवळा आणि आडव्या रस्त्याला लाल लुकलुकत असेल, तर पिवळ्यावाला लालवाला थांबणार हे धरून चाललेला असतो. लालवाल्याला तो अर्थच माहीत नसला तर दोघंही चौकात एकदमच शिरतात.

मग घाटाचा प्रश्न आला. इथे वर्ग जागा झाला, कारण सिंहगड आणि लोणावळा प्रत्येकाच्या यादीत होते. अरुंद चढावर समोरासमोर दोन गाड्या आल्या, तर वाट कुणी द्यायची? उतरणाऱ्याने. २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांत चढणाऱ्या गाडीला प्राधान्य दिलेलं आहे. कारण साधं आहे. चढावर थांबलेली गाडी पुन्हा निघताना क्लच आणि ब्रेक यांचा मेळ बसावा लागतो. तो चुकला तर गाडी मागे घरंगळते, आणि मागे दुसरी गाडी असते. उतरणाऱ्याला थांबून पुन्हा निघायला असं काही करावं लागत नाही.

उतरण्याचा दुसरा धडा तिने जास्त वेळ देऊन सांगितला. प्रश्नसंचातलं उत्तर असतं: घाट चढायला जो गिअर लागतो, त्याच गिअरमध्ये उतरायचं. खालच्या गिअरमध्ये इंजिनच चाकांना रोखून धरतं, त्यामुळे ब्रेकवरचा भार कमी होतो. न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून उतरलं की तो रोध जातो आणि सगळा वेग एकट्या ब्रेकला खेचावा लागतो. सलग दाबून ठेवलेला ब्रेक तापतो आणि तापला की त्याची पकड सुटत जाते. “आपल्यातल्या बहुतेकांकडे बिनगिअरची स्कूटर आहे,” ती म्हणाली, “मग हा प्रश्न आपला नाही असं वाटतं. उलट तो आपलाच जास्त आहे.” बिनगिअरच्या स्कूटरला खालचा गिअर निवडताच येत नाही. वेग एका मर्यादेखाली गेला की तिचा क्लच आपोआप सुटतो आणि स्कूटर मोकळी घरंगळते. मग पेट्रोल वाचवायला चावी फिरवून गडावरून उतरणं म्हणजे मिळत होता तेवढा इंजिनाचा आधारही सोडणं. तिने सांगितलेला उपाय असा: इंजिन चालू ठेवायचं, वेग वाढू देण्याआधीच कमी ठेवायचा, दोन्ही ब्रेक थोडे दाबून थोडे सोडत वापरायचे. लिव्हर नेहमीपेक्षा आत जायला लागला, किंवा जळका वास आला, तर कडेला थांबून ब्रेक गार होऊ द्यायचे. त्यावर पाणी ओतायचं नाही.

यानंतर तिने खडू हातात घेतला. गणित वेगाचं होतं. समोर अचानक कुणी आलं तर दिसल्यापासून ब्रेक दाबला जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो, आणि कोरड्या रस्त्यावर बऱ्यापैकी चालवणारा माणूस ब्रेक दाबून दर सेकंदाला वेग ताशी १८ किलोमीटरने उतरवतो, असं तिने धरलं. ताशी ४० ने जाणारी दुचाकी दीड सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे जाते आणि ब्रेक लागल्यावर आणखी १२ मीटरवर थांबते. एकूण २९ मीटर. ताशी ६० ला दीड सेकंदातच २५ मीटर जातात आणि ब्रेक लागल्यावर आणखी २८, एकूण ५३. वेग दीडपट झाला, पण थांबायचं अंतर जवळपास दुप्पट झालं, कारण ब्रेकचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं.

मग तिने वर्गाला विचारलं: ४० वाला जिथे थांबला, त्या २९ व्या मीटरवर ६० वाल्याचा वेग किती असेल? कुणी वीस म्हणालं, कुणी तीस. उत्तर ५५ च्या वर आहे. त्याचा ब्रेक लागून जेमतेम चार मीटर झालेले असतात. एकाच्या बाबतीत जी जागा थांबण्याची, ती दुसऱ्याच्या बाबतीत जवळपास पूर्ण वेगाने आदळण्याची. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली, आणि केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात त्यांतले सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खात्यात नोंदलेले आहेत. मृतांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीवरच्यांचा होता, ४४.५ टक्के.

शेवटचा प्रश्न ती सहज विचारून गेली. तुमच्या गाडीने कुणी जखमी झालं, तर पहिलं काम कोणतं? पर्याय तीन: पोलिसांना कळवणं, विमा कंपनीला कळवणं, जखमीला उपचार मिळवून देणं. वर्गातल्या बहुतेकांनी पोलीस निवडले. मोटार वाहन कायद्याच्या १३४ व्या कलमात उपचार आधी आहेत: जमावाच्या रोषामुळे किंवा हाताबाहेरच्या कारणामुळे अशक्य नसेल, तर जखमीला जवळच्या डॉक्टरकडे किंवा रुग्णालयात पोहोचवण्याची सगळी शक्य व्यवस्था चालकाने करायची. त्यानंतर पोलीस आणि विमा कंपनी. तिने त्यात एक जोड दिली. अपघात आपल्या हातून झालेला नसेल आणि आपण नुसते वाटेतले असू, तर २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं १३४-अ हे कलम सद्हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ लावायचा.

अभ्यास कसा करायचा, यावर तिने फार वेळ घालवला नाही. परिवहन विभागाच्या सारथी पोर्टलवर सराव परीक्षा आहे, ती द्यायची. गुण मोजायचे नाहीत. चुकलेला प्रत्येक प्रश्न वहीत उतरवायचा आणि त्याच्यासमोर बरोबर उत्तर नव्हे, तर त्याचं कारण एका ओळीत लिहायचं. कारण लिहिता आलं नाही तर तो प्रश्न अजून चुकलेलाच धरायचा, मग पर्याय पाठ असला तरी. २०१७ चे विनियम फारसे लांब नाहीत. कारणं शोधायला ते पुरतात. क्लबच्या मुलांनी कॉलेजच्या फाटकापासून पुढच्या मोठ्या चौकापर्यंतची सगळी चिन्हं आणि रस्त्यावरचे पट्टे टिपून ठेवले होते. शनिवारी ज्यांना यायचं त्यांनी त्या वाटेने चालत जाऊन प्रत्येकाचा अर्थ सांगायचा, असं ठरलं.

मागच्या बाकावरून एकाने विचारलं, “पण आधी लर्निंग काढून घेतलं आणि मग वाचलं, तर काय बिघडलं?”

तिने कायद्यातल्या तारखाच सांगितल्या. शिकाऊ लायसन सहा महिने चालतं. पक्क्या लायसनची चाचणी देण्याआधी ते किमान ३० दिवस हातात असावं लागतं. हे ३० दिवस रस्त्यावर शिकायचे असतात, आणि तेही अटींवर. गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ हवा. कार शिकत असाल तर शेजारी पक्कं लायसन असलेला माणूस हवा, गाडी थांबवता येईल असा बसलेला. दुचाकीवर मागे बसायचा तो शिकवणाराच, मैत्रीण नाही. “म्हणजे लर्निंग हातात आल्यावर आपण सिग्नलला उभे असतो, वही घेऊन बसलेले नसतो,” ती म्हणाली. “दोन आठवडे उशिरा अर्ज केला तरी नियमाने काही तोटा नाही. महिना मोजायला सुरुवात लायसनच्या तारखेपासून होते, आणि सहा महिन्यांची मुदतही तेव्हाच सुरू होते.” विचारणाऱ्या मुलाने अर्ज पुढच्या महिन्यात करायचं ठरवलं आणि शनिवारच्या यादीत नाव लिहिलं. यादीत त्याच्या आधी अकरा नावं होती.