जुन्या बिलांतून उद्याच्या टायरची तजवीज

सोसायटीच्या मासिक बिलात ‘सिंकिंग फंड’ नावाची एक ओळ असते. इमारतीचं मोठं काम निघेल तेव्हा हात पसरावे लागू नयेत, म्हणून सगळ्यांकडून थोडीथोडी घेऊन ठेवलेली ती रक्कम. महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींत तिचा किमान दरही दिलेला आहे : सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला पाव टक्का. घरातला फ्रिज, इन्व्हर्टरची बॅटरी, गाडीचे टायर यांनाही असाच फंड हवा. त्याचा दर मात्र आपल्यालाच काढावा लागतो, आणि तो जुन्या बिलांत दडलेला असतो.

एकाच वस्तूची लागोपाठची दोन बिलं समोर ठेवा. दोन तारखांमधलं अंतर म्हणजे त्या वस्तूचं तुमच्या घरातलं आयुष्य. वॉरंटी कार्डापेक्षा मी या अंतरावर जास्त भरवसा ठेवते, कारण त्यात आपल्या घरची वीज, पाणी आणि वापर धरलेला असतो.

टायरचं आयुष्य मात्र किलोमीटरमध्ये मोजायचं. आमच्या गाडीचे पहिले टायर ३९,६०० किलोमीटरला बदलले, तो आकडा दुकानदाराने बिलावर लिहिला होता. आज मीटरवर ६८,००० आहेत, म्हणजे दुसरा संच २८,४०० चालला आणि ११,२०० उरले. महिन्याला साधारण ८०० किलोमीटर होतात, तेव्हा हातात १४ महिने आहेत. जुन्या बिलातली किंमत इथे कामाची नाही. दुकानात विचारलं, तर चार टायर, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट धरून २२,४०० रुपये सांगितले. त्याला १४ ने भागलं की महिन्याला १,६०० रुपये.

बहुतेक जण चुकतात ते या भागाकारात. पूर्ण आयुष्याच्या ४९ महिन्यांनी भागलं तर महिना साडेचारशेच्या आसपास येतो आणि बरं वाटतं. पण टायर अर्धेअधिक झिजलेत. १४ महिन्यांनी हाती जेमतेम ६,३०० जमलेले असतील. म्हणून पहिल्या फेरीत उरलेल्या महिन्यांनीच भागायचं. हा संच बदलला की पुढच्यासाठी साडेचारशे पुरतात.

सगळ्या वस्तूंचे असे आकडे काढून बेरीज करा आणि ती रक्कम एकाच वेगळ्या खात्यात टाका. बॅटरी वेळेआधी गेली, तर फ्रिजचे पैसे तात्पुरते उपयोगी पडतात. दर दिवाळीला भाव पुन्हा विचारून आकडे सुधारा. गाडी कमी फिरत असेल, तर टायरच्या बाजूवरचे चार अंकही पाहा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. न झिजताही रबर जुनं होतं, कडेला बारीक भेगा दिसू लागतात, आणि मग किलोमीटरचा हिशेब बाजूला ठेवून टायर बदलावाच लागतो.

दुकानातली थर्मल कागदावरची बिलं वर्षा-दोन वर्षांत पांढरी पडतात. आज घरात असतील तेवढ्यांचे फोटो काढून ठेवा, आणि टायरच्या बिलावर मीटरचा आकडा नसेल तर तो पेनाने लिहून घ्या.